अक्षय्य तृतीयेला न पोचलेल्या पेटीबद्दल

देवगड, १ मे २०२५

सप्रेम नमस्कार,

पुण्यातल्या ज्या २३ घरी २८ एप्रिलला हापूसची पेटी यायची होती आणि आली नाही, त्या सगळ्या काका-काकू, ताई-दादांसाठी हे पत्र आहे. पैसे तुम्ही मार्चमध्येच भरले होते. अक्षय्य तृतीयेला पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय आंबा न कापणारी घरं तुमच्यात बरीच आहेत, हे मला माहीत होतं. म्हणूनच तुम्ही सणाच्या आधीची तारीख मागितली होती आणि मी ती दिली होती. ती मी पाळली नाही. चूक माझी आहे आणि मी तुमची मनापासून माफी मागतो.

फेब्रुवारीत झाडांवरचा मोहोर आणि बारीक कणी बघून मी ६४ पेट्यांचं बुकिंग घेतलं. पुढे फळ गळलं. गळ दरवर्षीच होते. तिचा अंदाज धरून बुकिंग वेळेत थांबवणं माझं काम होतं. १९ एप्रिलच्या तोडीला चौदा आणे तयार झालेलं फळ ४१ पेट्यांपुरतंच निघालं. बाकीचं झाडावर दिसत होतं, पण कोवळं होतं. तसं फळ काढलं तर आढीत सुरकुततं आणि आंबट राहतं, म्हणून ते काढलं नाही.

म्हणजे तुमची पेटी वेळेवर येणार नाही, हे मला १९ तारखेलाच कळलं होतं. त्याच दिवशी फोन केला असता, तर तुम्हाला दुसरीकडून आंबा घ्यायला नऊ-दहा दिवस मिळाले असते. मी तो फोन टाळला, शेजारच्या बागांतून काही जमतंय का ते बघत बसलो. आणि २८ तारखेला तुमचे फोन आले तेव्हा टेम्पोला उशीर झालाय असं सांगितलं. ते खरं नव्हतं. टेम्पो वेळेवर निघाला होता. तुमच्या पेट्या त्यात नव्हत्या. पेटी उशिरा येण्यापेक्षा हे खोटं सांगणं जास्त वाईट होतं. काहीजण त्या भरवशावर मंगळवारी रात्रीपर्यंत वाट बघत राहिले.

आता पेटीचं सांगतो.

दुसरी तोड २४ एप्रिलला झाली. ते फळ गवताच्या आढीत आहे. आज सकाळी वरचा थर काढून एकेक फळ हातात घेऊन बघितलं: निम्म्याहून अधिक फळांवर पिवळा रंग चढलाय, देठाजवळ वास येऊ लागलाय. यातून तुमच्या २३ पेट्या भरतो आहोत, प्रत्येकी पाच डझन, फळ ठरल्याप्रमाणे २२० ते २५० ग्रॅमचं. हा माल ज्यांच्या नावावर होता, त्यांना आजच फोन करून पुढच्या तोडीची तारीख दिली आहे आणि त्यांचा होकार घेतला आहे. त्यामुळे तुमची पेटी आता कुणामुळे अडणार नाही.

टेम्पो शनिवारी, ३ तारखेला रात्री निघेल. रविवारी, ४ मे रोजी सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात पेटी तुमच्या दारात येईल. मी स्वतः टेम्पोबरोबर येतोय. लेकीच्या सासरी किंवा नातेवाइकांकडे द्यायची असेल, तर शनिवारी दुपारपर्यंत पत्ता कळवा, पुण्यात असेल तिथे थेट पोचवतो.

पेटीमागे घेतलेले भाड्याचे २५० रुपये सगळ्यांना आज परत पाठवत आहे. सणासाठी बाजारातून महाग आंबा घ्यावा लागला असेल, तर माझ्या दराच्या वर किती गेले तेवढं सांगा; पावती मागणार नाही, तो फरक मी देईन. आणि आता पेटीच नको असेल, तर शनिवारी दुपारपर्यंत ‘नको’ एवढंच लिहून पाठवा. त्याच संध्याकाळी पूर्ण रक्कम परत येईल. कारण विचारणार नाही.

पेटी आल्यावर झाकण उघडं ठेवा. फ्रिजमध्ये घालू नका. वरच्या थरातली पिवळी, किंचित मऊ फळं आधी खायला काढा, बाकीची तीन-चार दिवसांत होतील. कापल्यावर साका निघाला, तर फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे देईन.

पुढच्या हंगामापासून मोहोर बघून बुकिंग घेणार नाही. फळात बाठा धरल्यावर झाडं मोजून जेवढी पेटी दिसेल, त्याहून कमीच नावं लिहीन, आणि पैसे तोडीनंतर घेईन. तारीख हुकणार असं दिसलं, तर त्याच दिवशी तुम्हाला माझा फोन येईल.

याच नंबरवर आज आणि उद्या रात्री ९ पर्यंत मी स्वतः फोन उचलेन. राग असेल तर तोही ऐकून घेईन.

आपला,
देवगडचा बागायतदार