मुक्तिदिन लोककला मेळावा : मैदान व सार्वजनिक कार्यक्रमाच्या परवानगीसाठी अर्ज

दिनांक : २ नोव्हेंबर २०२६

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
डिचोली नगरपालिका, डिचोली, गोवा

विषय : शनिवार दि. १९ व रविवार दि. २० डिसेंबर २०२६ रोजी पालिकेच्या खुल्या मैदानावर मेळावा भरवण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

गोवा मुक्तीला येत्या १९ डिसेंबर रोजी ६५ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त शनिवारी संध्याकाळी घुमट आरती स्पर्धा आणि रविवारी संध्याकाळी फुगडी स्पर्धा व एक मराठी नाटक, असा दोन दिवसांचा मेळावा भरवायचे आम्ही ठरवले आहे. प्रवेश विनामूल्य आहे. मंडपासाठी शुक्रवार दि. १८ डिसेंबरच्या सकाळपासून मैदान लागेल, सोमवार दि. २१ रोजी दुपारी १२ पर्यंत ते झाडून परत देऊ. यात बुधवार येत नसल्याने आठवड्याच्या बाजाराला अडथळा होणार नाही.

दोन्ही दिवशी कार्यक्रम ४.३० ला सुरू होऊन ९.३० ला संपेल. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून नाटक ६.४५ लाच सुरू करू. जत्रेतले नाटक मध्यरात्री रंगते अशी आपल्याकडची सवय. ती मोडताना आमच्या ज्येष्ठ कलाकारांची समजूत काढावी लागली, पण वेळ पाळण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

गर्दीचा अंदाज असा : शनिवारी १४ पथकांचे सुमारे १७० कलाकार आणि एका वेळी जास्तीत जास्त ६०० प्रेक्षक. रविवारी फुगडीची १६ पथके, म्हणजे आणखी १६० जणी, आणि नाटकाच्या वेळी ८०० प्रेक्षक. आम्ही मोजलेले मैदान ५० मीटर बाय ४० मीटर आहे. रंगमंच, दुकाने आणि मोकळ्या ठेवायच्या वाटा सोडून सुमारे १,१०० चौरस मीटर जागा उरते, म्हणून आत एकूण १,००० माणसे ही मर्यादा घातली आहे. फाटकावर दोन स्वयंसेवक मोजणी करतील. आकडा ९०० झाला की प्रवेश थांबवून बाहेर तशी सूचना देऊ. मेळावा फुकट असल्याने हे काही जणांना रुचणार नाही, पण शिरगावच्या जत्रेत मे २०२५ मध्ये चेंगराचेंगरीत माणसे गेली, ती याच तालुक्यातली घटना. त्यानंतर ‘माणसे आपोआप मावतात’ असे म्हणायची आमची तयारी नाही.

यासाठीच आमची मुख्य विनंती मागच्या फाटकाबद्दल आहे. पुढचे फाटक साडेतीन मीटर रुंद आहे. पण नाटक सुटल्यावर सगळे तिथेच वळले तर कोंडी होईल. मागचे फाटक एरवी कुलूपबंद असते. ते दोन्ही दिवशी दुपारी ४ पासून उघडे ठेवायला परवानगी द्यावी आणि त्याची चावी शुक्रवारीच आमच्या ताब्यात द्यावी. त्या गल्लीतले पथदीपही तपासून घ्यावेत, ही विनंती. दोन्ही फाटकांपर्यंत खुर्च्यांच्या मधून दोन-दोन मीटरच्या वाटा ठेवू आणि तिथे कोणालाही उभे राहू देणार नाही.

मंडप तिन्ही बाजूंनी उघडा राहील. दारूकाम, फटाके किंवा मंचावर उघडी ज्योत नसेल. नाटकातली समईदेखील विजेची आहे. खाण्याची चार दुकाने मंडपापासून १५ मीटरवर असतील आणि गॅस सिलिंडर फक्त तिथेच. सहा अग्निशामक नळकांडी व वाळूच्या दहा बादल्या ठेवू. तात्पुरती वीजजोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घेऊ, वायरी पायवाटेवर टाकणार नाही. चाळीस स्वयंसेवक पिवळ्या बनियनमध्ये असतील; त्यांतील सहा जणांना प्रथमोपचार येतो. रुग्णवाहिका पुढच्या फाटकाजवळ उभी असेल आणि तिच्या वाटेत एकही स्कूटर लागू देणार नाही.

पोलीस, अग्निशामक दल, वीज खाते व आरोग्य केंद्र यांना आजच स्वतंत्र अर्ज दिले आहेत. ध्वनिक्षेपकाच्या परवानगीसाठी उपजिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला आहे. त्यांची पत्रे मिळताच प्रती आपल्याकडे सादर करू. ती मिळाल्याशिवाय मंडपाचा खांबही रोवणार नाही.

मैदानाचे भाडे व अनामत आपण कळवाल त्याप्रमाणे भरू. महिलांसाठी दोन वेगळ्या धरून सहा फिरती स्वच्छतागृहे आम्ही आणू. ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे पालिकेने दिल्यास भरलेले डबे रोज रात्री पुढच्या फाटकाबाहेर आणून ठेवू.

मंडपवाल्याला १८ नोव्हेंबरपर्यंत होकार कळवायचा आहे, म्हणून त्याआधी निर्णय मिळावा. जागा प्रत्यक्ष पाहायची असल्यास आम्ही कोणत्याही दिवशी सकाळी हजर राहू.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव,
मुक्तिदिन लोककला मेळावा समिती, डिचोली

सोबत : मैदानाचा हाताने काढलेला आराखडा (दोन्ही फाटके व वाटा दाखवून), दोन दिवसांचे वेळापत्रक, स्वयंसेवकांची यादी व चार अर्जांच्या पोचपावत्या, उपजिल्हाधिकारी कार्यालयातील अर्जाची प्रत.