नोव्हेंबर २०२५ : बिलं, हप्ते, सबस्क्रिप्शन (पुणे + सांगली)

गुरुवार, ३० ऑक्टोबर, रात्री ९

आई, बाबा, दादा, मंदार,

दिवाळी संपली, आता हिशोब. हा मेसेज पिन करून ठेवते. महिनाभर इथूनच आठवण येत राहील. विम्याची १५ दिवस आधी, क्रेडिट कार्डाची ५ दिवस आधी आणि आदल्या दिवशी, आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची एक-दोन दिवस आधी. भरलं की खाली फक्त "भरलं" लिहायचं. अंगठा चालणार नाही. अंगठ्याचा अर्थ "वाचलं" की "भरलं" हे मला कधीच कळत नाही.

*पुणे*
पहिला आठवडा : दूध २,३४० आणि पेपर २६० (दोन्ही रोख, ऑक्टोबरचे)
५ तारीख, बुधवार : गृहकर्जाचा हप्ता ३१,४८० (आपोआप)
७ तारीख, शुक्रवार : महावितरण १,९३०
९ तारीख, रविवार : यूट्यूब फॅमिली २९९ (यूपीआय ऑटोपे)
१० तारीख, सोमवार : सोसायटी मेंटेनन्स ३,२००
१२ तारीख, बुधवार : ब्रॉडबँड ९४३
१३ तारीख, गुरुवार : क्रेडिट कार्ड २७,६१५
१४ तारीख, शुक्रवार : गूगल वन १३० (यूपीआय ऑटोपे)
१८ तारीख, मंगळवार : मंदारचा मोबाईल ५३०
२० तारीख, गुरुवार : पाइप गॅस, दोन महिन्यांचा, १,०८६
२८ तारीख, शुक्रवार : माझी एलआयसी, वार्षिक, २३,७७५
पुण्याची बेरीज : *९३,५८८*

*सांगली*
११ तारीख, मंगळवार : आईचा मोबाईल, २८ दिवसांचा, ३४९
१६ तारीख, रविवार : डिश रिचार्ज ४१२
१९ तारीख, बुधवार : आई-बाबांचा आरोग्य विमा ४१,२०० (दादा)
२१ तारीख, शुक्रवार : महावितरण ८६०
२२ तारीख, शनिवार : बाबांचा मोबाईल, ८४ दिवसांचा, ८५९
सांगलीची बेरीज : *४३,६८०*

*एकूण : १,३७,२६८*

आकडा बघून घाबरू नका. त्यात ६४,९७५ दोन विम्यांचे आहेत आणि ते वर्षातून एकदाच येतात. ते वगळले तर महिना ७२,२९३ चा, आणि त्यातही कार्डाचे २७,६१५ म्हणजे कपडे, फराळाचं सामान आणि मंदारचा नवा मिक्सर. पुढच्या वर्षी विम्यांसाठी दर महिन्याला ५,४१५ बाजूला टाकू, म्हणजे नोव्हेंबरमध्ये एकदम फटका बसणार नाही. दादा, तुझ्या वाट्याचं तू बघ, पण जमलं तर तूही असंच कर.

नेटफ्लिक्सचे ४९९ यादीत का नाहीत, असं मंदार विचारणारच. ते २१ तारखेला कार्डावर पडतात, म्हणजे डिसेंबरच्या कार्डाच्या बिलात येतील. इथेही धरले तर एकच खर्च दोनदा मोजला जाईल. कार्डावर जाणारं काहीही या बेरजेत वेगळं लिहायचं नाही, हा नियम.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

तीन गोष्टी.

उद्या हप्ता. उद्या गुरुनानक जयंतीची बँकेला सुट्टी आहे, पण हप्ता सुट्टी बघत नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून हप्ते आपोआप कापणारी एनएसीएच यंत्रणा रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. मंदार, तुझ्या पगाराच्या खात्यातून हप्त्याच्या खात्यात आज रात्रीच ३२,००० टाक. हप्ता परत गेला तर बँक दंड लावते आणि सिबिलवर डाग पडतो तो वेगळाच.

लाइट बिल शुक्रवारपर्यंत. बिलावर तीन आकडे छापलेत ते बघा : ७ तारखेपर्यंत भरलं तर १,९३०, १७ पर्यंत १,९५० आणि त्यानंतर १,९७०. वीस रुपयांनी आपण श्रीमंत होणार नाही, पण भरायचंच आहे तर आज भरा. ग्राहक क्रमांक बारा आकडी आहे. नाव आणि पत्ता स्क्रीनवर आपलाच दिसतोय का ते बघूनच पुढे जा.

आणि *आरोग्य विमा, १५ दिवस उरले*. दादा, हे तुझ्यासाठी. १९ तारखेला पॉलिसी संपते. गेल्या वर्षी १८ टक्के जीएसटी धरून ४८,६१६ भरले होते. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, आणि मूळ प्रीमियम यंदा वाढलेला नाही, म्हणून ४१,२००. नूतनीकरणाच्या नोटिशीत जीएसटीचा रकाना रिकामा आहे ना, तेवढं बघ. तीस दिवसांची सवलत मिळते खरी, पण त्या मधल्या दिवसांत कोणी अ‍ॅडमिट झालं तर क्लेम मिळत नाही. बाबांची शुगर बघता मला ती जोखीम अजिबात नको. १० तारखेच्या आत उरकून टाक.

शनिवार, ८ नोव्हेंबर

*कार्ड, ५ दिवस उरले.* २७,६१५ पूर्ण भरायचे. बिलावर "किमान देय १,३८१" असं ठळक छापलंय, त्याकडे बघायचंसुद्धा नाही. किमान भरलं की लेट फी लागत नाही एवढंच, व्याज मात्र खरेदीच्या तारखेपासून लागतं, आणि नव्या खरेदीवरही लागतं. मंदार, खात्यात पैसे आहेत, तर १३ ची वाट कशाला बघायची?

यूट्यूबचे २९९ उद्या कापले जातील. तुम्हाला "उद्या अमुक रक्कम वजा होईल" असा मेसेज आला असेल. तो खरा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशी सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते. नको असेल तर रद्द करायची वेळ तीच.

परवा सोसायटी. सेक्रेटरी काकांनी नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी लावलीय. आपलं नाव त्यात नाही, तसंच राहू दे. उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं, आणि आपले काका ते पैसान् पैसा लावतात.

आई, तुझा रिचार्ज मंगळवारी संपतोय. मी सोमवारी रात्री करते, तू दुकानात जाऊ नकोस. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. पुढचा ९ डिसेंबरला. बाबांसारखा ८४ दिवसांचा करायचा का, सांग.

सोमवार, १० नोव्हेंबर

दादानं विमा भरला, नवी पॉलिसी ईमेलवर आली. शाब्बास. बाबा, तिची प्रिंट काढून कपाटातल्या निळ्या फायलीत ठेवा, आणि कार्ड पाकिटात.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ब्रॉडबँड आज. कार्ड *उद्या शेवटचा दिवस*. मंदार, अजून "भरलं" दिसत नाहीये. मीच भरू का?

(रात्री ११) मीच भरलं. २७,६१५.

सोमवार, १७ नोव्हेंबर

उद्या मंदारचा मोबाईल. बिल ५३० नाही, ६४८ आलंय. शंभराचा जादा डेटा पॅक घेतलास, त्यावर कर. चालेल, पण आधी सांगत जा, माझी बेरीज हलते.

बाबा, तुम्ही दुपारी पाठवलेला तो "आज रात्री ९.३० वाजता वीज कापली जाईल, या नंबरवर अधिकाऱ्याशी बोला" वाला मेसेज *खोटा आहे*. फोन करू नका, कोणतंही अ‍ॅप उतरवून घेऊ नका. सांगलीचं बिल २१ तारखेचं आहे, अजून मुदतच संपलेली नाही. आणि थकलं असतं तरी वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे कापण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्री साडेनऊला कोणी शिडी घेऊन येत नाही. ८६० मी आत्ताच भरले, पावती खाली टाकलीय.

गुरुवार, २० नोव्हेंबर

गॅस १,०८६ भरला.

बाबा, यादीत नसलेली एक गोष्ट आज सापडली. तुम्ही भजनांसाठी जे अ‍ॅप "महिनाभर फुकट" घेतलंत, त्याची फुकटची मुदत २४ तारखेला संपतेय आणि त्यानंतर वर्षाचे १,१९९ एकदम कापले जातील. ऐकताय का रोज? ऐकत असाल तर ठेवूया, मी यादीत घालते. नसेल तर उद्यापर्यंत सांगा. फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं नसतं. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ती परवानगी रद्द करावी लागते. व्हिडिओ कॉलवर दोघं मिळून करू.

परवा तुमचा रिचार्ज, ८५९. एकदा केला की १४ फेब्रुवारीपर्यंत बघायला नको.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

भजनांचं अ‍ॅप रद्द. आईचं म्हणणं, रेडिओ आहे की.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

एलआयसी, ३ दिवस उरले. २३,७७५. माझ्या जुन्या वहीत २४,३१० लिहिलंय, तो २.२५ टक्के जीएसटी धरून आहे, आता लागत नाही. वहीतला आकडा बघून कोणी भरू नका. मी आजच भरते.

बिल नाही, पण याच यादीत टाकते : *बाबा, हयातीचा दाखला*. ३० तारीख रविवार आहे, म्हणून शुक्रवारच्या आत बँकेत जाऊन पेन्शनच्या यादीवर सही करून या. पासबुक आणि आधार बरोबर न्या. ही सही राहिली तर पेन्शनच थांबेल, मग वरची सगळी बेरीज कोणाच्या जिवावर?

शनिवार, २९ नोव्हेंबर

ठरवलं होतं १,३७,२६८. गेले *१,३७,२३०*.
दूध २,३४० ऐवजी २,१८४ (दिवाळीत सांगलीला होतो त्या दिवसांचे पैसे दूधवाल्या मावशींनी नीट वजा केले), मंदारचा मोबाईल ११८ नं जास्त. बाकी सगळं यादीप्रमाणे. दंड, लेट फी, व्याज : शून्य.

डिसेंबरची यादी उद्या रात्री टाकते. त्यात गाडीचा विमा ११ तारखेचा आहे. मंदार, दोन-तीन ठिकाणचे दर आजच काढून ठेव. आणि नेटफ्लिक्स ठेवायचं की नाही हे २० डिसेंबरच्या आत ठरवा. गेल्या महिन्यात ते घरात कोणीच उघडलेलं नाही, मी बघितलंय.