परीक्षा विभागासाठी लेझर प्रिंटर खरेदीस मंजुरी मिळणेबाबत

दिनांक : 18 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
माध्यमिक विभाग

विषय : प्रश्नपत्रिका छपाईसाठी लेझर प्रिंटर खरेदीस मंजुरी मिळणेबाबत

आदरणीय मॅडम,

पहिल्या घटक चाचणीत नववीच्या गणिताच्या पेपरला काय झालं, ते आपल्याला तोंडी सांगितलं होतंच. ते लेखी नोंदवून पुढची विनंती करत आहे.

ऑफिसातला इंकजेट प्रिंटर मे महिनाभर बंद होता. जूनमध्ये सुरू केला तर नोझल सुकलेले. तीनदा हेड क्लीनिंग केलं, त्यातच अर्धी शाई गेली आणि तरी आकृत्यांच्या रेषा तुटकच येत होत्या. म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन बाहेर झेरॉक्सला गेलो. तिथल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडताना अंशाचं चिन्ह बिघडलं आणि 30° चा कोन 300 छापला गेला. घाईत माझ्याही नजरेतून सुटलं. वर्गात एका मुलीने हात वर करून विचारलं, "सर, त्रिकोणात 300 चा कोन कसा असेल?" फळ्यावर दुरुस्ती लिहीपर्यंत पाच-सात मिनिटं गेली.

चिन्हाची भानगड पीडीएफ करून टाळता आली असती, ती चूक माझीच. पण गोपनीयतेचं तसं नाही. त्या दुकानात प्रश्नपत्रिकेची फाइल डेस्कटॉपवर कॉपी होते, काउंटरवर आपलेच विद्यार्थी प्रोजेक्टच्या झेरॉक्स काढायला उभे असतात, आणि खराब निघालेली पानं तिथल्याच टोपलीत पडतात. पेपर फुटला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण उद्या कोणी तसा आरोप केला, तर आपल्याकडे उत्तर नाही. पेपर शाळेत छापून, शाळेतच सीलबंद होऊन कपाटात गेला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

खर्चाबद्दल आधीच स्पष्ट करतो, कारण लेखनिक भाऊसाहेब हे विचारणारच. पाचवी ते दहावीच्या 246 मुलांसाठी दोन घटक चाचण्या, दोन सत्र परीक्षा आणि दहावीची सराव परीक्षा धरून वर्षाला साधारण 17,000 पानं होतात. बाहेर रुपयाला एक पान, कागदासकट. लेझरवर 2,600 पानांचा टोनर 1,900 रुपयांना मिळतो, म्हणजे पानामागे सुमारे 73 पैसे. शिवाय साधारण 25 रिम कागद, 7,000 रुपयांचा. हिशेब केला तर वर्षाला दोन-अडीच हजार रुपये जास्तच लागतील. त्यामुळे बचतीचं कारण मी पुढे करत नाही. टोनर कोरडी पूड असल्याने सुट्टीत सुकत नाही आणि पावसाळ्यात ओल्या हाताने अक्षर फिसकटत नाही, हा फायदा मात्र नक्की आहे.

यंत्र काळं-पांढरंच हवं. प्रश्नपत्रिकेला रंगाची गरज नाही. कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापण्याची सोय मात्र हवीच, नाहीतर हाताने पानं उलटताना एखादा गठ्ठा उलटा लागतो. वायफाय नको, परीक्षा विभागाच्या कॉम्प्युटरला केबलने जोडू.

तीन दरपत्रकं मागवली आहेत, सर्व दर जीएसटीसह : 17,400, 18,900 आणि 19,600 रुपये. सर्वांत कमी दराच्या यंत्राला दोन्ही बाजूंच्या छपाईची सोय नाही, म्हणून उरलेल्या दोहोंतलं कमी दराचं, 18,900 रुपयांचं यंत्र घ्यावं, अशी माझी शिफारस आहे. त्यांचा दुरुस्तीवाला तालुक्यातच आहे. यंत्राबरोबर येणारा टोनर कमी पानांचा असतो, म्हणून एक जादा टोनर धरून एकूण 20,800 रुपयांची मंजुरी मिळावी. परीक्षा शुल्क खात्यात सध्या 23,400 रुपये शिल्लक आहेत.

लेझर प्रिंटर गरम होताना एकदम जास्त वीज ओढतो, तेव्हा तो कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावू नये. परीक्षा खोलीत त्याच्यासाठी भिंतीवर स्वतंत्र प्लग आहे. खोलीची किल्ली माझ्याकडे आणि आपल्याकडे अशी दोघांकडेच राहील. खरेदीनंतर यंत्राची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करून घेईन आणि किती पानं काढली, याची वेगळी वही ठेवीन.

प्रथम सत्र परीक्षा 6 ऑक्टोबरला सुरू होते आणि शिक्षकांकडून प्रश्नपत्रिका 20 सप्टेंबरपर्यंत येतील. शाळा समितीची सभा 30 ऑगस्टला आहे, त्या सभेपुढे हा विषय ठेवावा ही विनंती. पुढच्या सभेवर गेला, तर सत्र परीक्षेलाही पेन ड्राइव्ह घेऊन मला त्याच दुकानात जावं लागेल.

आपला नम्र,

सु. ग. जगताप
उपशिक्षक (गणित) व परीक्षा विभाग प्रमुख

सोबत : तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, नववी गणिताची चुकीची छापलेली प्रश्नपत्रिका