पावती क्र. ११४७ मधील 'टी.डी.एफ.' या रकमेबाबत

दिनांक : १३ जानेवारी २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
माध्यमिक विभाग, मुलुंड (पूर्व), मुंबई ४०० ०८१

विषय : रु. १४,५०० ही रक्कम शिक्षण शुल्क आहे की विकास शुल्क, याचा लेखी खुलासा मिळणेबाबत.

महोदया,

माझी मुलगी सई साळवी आपल्या शाळेत इयत्ता सहावी 'ब' मध्ये शिकते. तिची २२ जून २०२४ ची फीची पावती सोबत जोडली आहे. मूळ पावतीच्या कागदावरची शाई उडत चालली आहे, म्हणून झेरॉक्स जरा गडद काढून घेतली. तिच्यातली तिसरी ओळ कृपया पाहावी : 'टी.डी.एफ. – १४,५००'.

अडचण या तीन अक्षरांची आहे. शाळेच्या ॲपवर हीच रक्कम 'वार्षिक शुल्क' म्हणून दिसते. जूनमध्ये वर्गाच्या ग्रुपवर आलेल्या सूचनेत 'शाळा विकासासाठी' असे शब्द होते. मागच्या आठवड्यात फीच्या खिडकीवर विचारले, तर आधी उत्तर मिळाले, "टर्म आणि डेव्हलपमेंट." शेजारच्या टेबलावरून लगेच दुरुस्ती झाली, "अहो नाही, ट्यूशनच आहे ते. सगळे पालक तसंच दाखवतात." दोघांनीही आपुलकीनेच सांगितले, तक्रार मुळीच नाही. पण 'सगळे दाखवतात' हे मी माझ्या ऑफिसात पुरावा म्हणून कसे देऊ?

हे विचारण्याचे कारण प्राप्तिकराचे आहे. घरभाडे भत्त्यामुळे मी यंदा जुनी करप्रणाली निवडली आहे. तिच्यात कलम ८०सी खाली दोन मुलांपर्यंतच्या शिक्षण शुल्काची वजावट मिळते, भविष्य निर्वाह निधी, विमा वगैरे सगळे मिळून दीड लाखाच्या मर्यादेत. पण त्याच कलमात विकास शुल्क, देणगी आणि तशा स्वरूपाच्या रकमा स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे पैसे एकाच दिवशी, एकाच पावतीवर भरले तरी एक ओळ चालते आणि दुसरी चालत नाही.

माझा निधी आणि विमा मिळून ९०,६०० रुपये होतात. सईची चार तिमाहींची ट्यूशन फी २८,८०० रुपये आहे. त्या पावत्यांवर 'शिक्षण शुल्क' असे स्वच्छ छापलेले असल्याने तिथे प्रश्नच नाही. एकूण १,१९,४०० झाले, मर्यादेत अजून जागा आहे. हे १४,५०० त्यात धरता आले, तर वीस टक्के कर आणि त्यावरचा उपकर धरून माझे ३,०१६ रुपये वाचतात. आमच्या घरी ही रक्कम लहान नाही. तरीसुद्धा, हे विकास शुल्क असेल तर कृपया विकास शुल्कच लिहून द्यावे. माझ्या सोयीसाठी 'शिक्षण शुल्क' असा शिक्का नको. उद्या आयकराची नोटीस आली तर उत्तर मला द्यायचे आहे, आणि शाळेच्या हिशेबाच्या वहीत वेगळेच नाव निघाले तर आपलीही अडचण होईल.

रक्कम दोन्ही मिळून असेल, तर शिक्षण शुल्काचे किती आणि विकासाचे किती, असे आकडे वेगळे लिहून द्यावेत. शाळेच्या लेटरहेडवर दोन ओळी, त्यात सईचे नाव, इयत्ता, पावती क्रमांक, आणि खाली आपली सही व शिक्का एवढे पुरे आहे. ऑफिसात पुरावे देण्याची शेवटची तारीख २४ जानेवारी आहे. त्याआधी, बुधवारी २२ तारखेपर्यंत पत्र मिळाले तर फार बरे होईल. सईच्या हाती दिले तरी चालेल, फक्त डायरीत तशी नोंद करावी, नाहीतर ते दप्तराच्या तळाशी डब्याखाली सापडते.

आणखी एक विनंती, तिला मात्र घाई नाही. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठरलेली फी सूचना फलकावर लावायची असते. आपल्या फलकावर मी शुक्रवारी पाहिले. तिथे परीक्षेचे वेळापत्रक आणि स्नेहसंमेलनाची यादी आहे, फीचा तक्ता दिसला नाही. कदाचित खालच्या कागदांत झाकला गेला असेल. तो तक्ता पाहायला मिळाला, तर टी.डी.एफ. म्हणजे काय हे आम्हा पालकांना खिडकीवर विचारावे लागणार नाही. पुढच्या वर्षी पावतीवरच पूर्ण शब्द छापले तर आणखी उत्तम.

आपला विश्वासू,

(सही)
संदीप साळवी
सई साळवी (६ वी 'ब') हिचे पालक

सोबत : पावती क्र. ११४७ ची झेरॉक्स, ॲपवरील नोंदीची प्रिंट