बाळाच्या दुधाच्या पावडरच्या डब्यावरच्या सूचना, मराठीत

आई, डब्याचा फोटो वाचला. झाकणाच्या चकाकीत एक आकडा 30 की 80 ते कळेना, म्हणून दादाकडून दुसरा फोटो मागवला. 30 आहे. आता ऐरोलीत बाळ तुझ्याकडे असेल तेव्हा हे असंच कर.

आधी साबणाने हात धू. बाटली, बूच, निपल घासून धुऊन उकळून घे.

किमान एक लिटर ताजं पाणी खळखळून उकळ. फिल्टरचं असलं तरी उकळायचंच. मग झाकून ठेव, पण अर्ध्या तासाहून जास्त नको. पावडर घालताना पाणी 70 अंश सेल्सियसपेक्षा थंड झालेलं नको, कारण पावडर निर्जंतुक नसते आणि जंतू त्या उष्णतेनेच मरतात.

बाटलीत आधी पाणी, मग पावडर. 30 मिलिलिटरला 1 सपाट चमचा, 60 ला 2, 90 ला 3. चमचा डब्यातलाच, कोरडा. सुरीच्या पाठीने सपाट कर, दाबून भरू नकोस. पातळ केलं तर बाळाचं पोषण कमी पडतं, घट्ट केलं तर त्रास होतो. इथे अंदाज अजिबात चालणार नाही, आई.

बूच लावून हलव. बंद बाटली नळाखाली धरून गार कर, मनगटावर थेंब टाकून बघ: कोमट लागला पाहिजे. मायक्रोवेव्ह नको.

पिऊन उरलेलं ओतून दे, पुन्हा गरम करू नकोस. तयार करून न पाजलेलंही 2 तासांनंतर टाकायचं.