विषय : मी स्वतः लिहिलेले तीन पाककृती-लेख ‘एआय-लिखित’ ठरवल्याबद्दल तक्रार

पुणे, ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण विभाग

स. न. वि. वि.

दिवाळी फराळावरच्या माझ्या तीन लेखांना तुमच्या तपासणी-साधनाने २९ सप्टेंबरला पुढील गुण दिले : चकलीची भाजणी ९४ टक्के, तिखट-मिठाच्या पुऱ्या ८८ टक्के, पाकातले रव्याचे लाडू ९७ टक्के. हा अहवाल पाहून एका मसाला उत्पादकाने माझे दिवाळीचे काम थांबवले आणि झालेल्या कामाचे पैसेही अडकवले. तिन्ही लेख माझे आहेत, हाताने लिहिलेले आहेत.

भाजणीचा लेख ऑक्टोबर २०१६ मधला आहे. त्याची त्या महिन्यातली प्रत web.archive.org वर आहे आणि तेव्हापासून त्यात एक अक्षरही बदललेले नाही. चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले ते ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. या एका लेखाबद्दल तरी वाद घालण्याचे कारण उरू नये.

त्यात लाल केलेले वाक्य असे : ‘मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते, कमी पडले तर कडक होते.’ पुढचा शब्द सहज ओळखता येतो आणि वाक्यांची लांबी सारखी आहे, म्हणून ते यंत्राचे, असा तुमचा निकष दिसतो. पण पाककृती अशीच लिहितात. ‘मंद आचेवर खमंग भाजा’ यापुढे वाचणाऱ्याला चकित करायचे नसते, भाजणी जळू द्यायची नसते.

पुऱ्यांच्या लेखातली चूक मात्र निव्वळ तांत्रिक आहे. अहवालात ‘लपवलेली अक्षरे : १४’ असा इशारा आहे. त्या लेखात ‘पुऱ्या’ हा शब्द बरोबर १४ वेळा येतो. मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो आणि दोन्ही प्रकार ग्राह्य आहेत :

```
U+0930 U+094D U+200D U+092F U+093E
U+0931 U+094D U+092F U+093E
```

माझा कीबोर्ड पहिला प्रकार वापरतो. त्यातले U+200D डोळ्यांना दिसत नाही, पण ते काढले तर ‘पुऱ्या’चे ‘पुर्या’ होते आणि आचाऱ्याला दिलेली सूचना आचार्याला जाते. तुमचे साधन याच खुणेला तपासणी चुकवण्याची लबाडी समजते. पडताळणीसाठी मी तुमची एक महिन्याची सशुल्क योजना घेतली आणि त्या चौदा ठिकाणी दुसरा प्रकार घालून तोच लेख पुन्हा तपासला. इशारा गेला, गुण ३७ वर आले. वाचणाऱ्याच्या दृष्टीने मजकुरात काहीच बदललेले नव्हते.

लाडवांचा लेख १६० शब्दांचा आहे. २५० शब्दांपेक्षा लहान मजकुराचा निकाल भरवशाचा नाही, हे तुमच्याच मदत-पानावर लिहिले आहे. मग ९७ हा आकडा अहवालात छापलाच कसा? आणि तो कशाचा, हेही सांगितलेले नाही. उत्पादकाने त्याचा अर्थ ‘९७ टक्के मजकूर यंत्राचा’ असा घेतला. त्यांचा दोष नाही, वाचून कोणीही तेच समजेल. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केले. तुम्ही तुमचे बंद करावे असे मी म्हणत नाही, पण असा आकडा पुरावा म्हणून कोणाच्या हाती देऊ नका.

माझ्या मागण्या. तिन्ही लेख मराठी वाचता येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या आणि सुधारित अहवाल द्या. हा निकाल लेखकत्वाचा पुरावा नाही, असे उत्पादकाला लेखी कळवा. हे पत्र मला सर्वांत आधी हवे, कारण दिवाळी दोन आठवड्यांवर आली आहे. अर्ध्या र चे दोन्ही प्रकार तपासणीआधी एकसारखे करून घ्या आणि देवनागरी मजकुरातल्या U+200D ला ‘लपवलेले अक्षर’ म्हणणे थांबवा. किमान शब्दमर्यादेखालच्या मजकुराला गुण देऊ नका. मराठीसाठी साधन किती मजकुरावर पारखले आणि त्यात माणसाचे किती लेख चुकीने पकडले गेले, तेही कळवा. पारखलेच नसेल, तर भाषांच्या यादीतून मराठी काढा.

उत्पादकाचे पत्र १० ऑक्टोबरपर्यंत आणि बाकीचे उत्तर १५ दिवसांत मिळावे. न मिळाल्यास सशुल्क योजनेची ग्राहक म्हणून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन.

आपली,
मृणाल

सोबत : तिन्ही अहवाल, २०१६ च्या प्रतीचा दुवा, पुऱ्या व लाडू या लेखांच्या मसुद्यांचा बदल-इतिहास, दोन्ही चाचण्यांचे स्क्रीनशॉट, योजनेची पावती