आईच्या औषधांची यादी कमी करून मिळण्याबाबत

सातारा, ११ ऑगस्ट २०२५

डॉक्टरसाहेबांना सप्रेम नमस्कार,

आईला ४ तारखेला दवाखान्यातून घरी आणलं. हृदयाचं पंपिंग ४० टक्के, निदान हार्ट फेल्युअर. डिस्चार्ज कार्डावर नऊ नवी औषधं आहेत आणि खाली एकच ओळ: 'जुनी औषधे चालू ठेवावीत.' तुमची आधीची आठ धरली की सतरा औषधं होतात. गुडघ्याची गोळी सोडूनही दिवसाला १९ गोळ्या. गुरुवारी आईला घेऊन येते. त्याआधी हे पत्र वाचून ठेवलंत तर यादी नीट पाहता येईल.

सगळी पाकिटं टेबलावर मांडून घटक वाचले. नावं वेगळी असली तरी आतलं औषध कित्येकदा तेच निघालं. तुमची अम्लोडिपिन ५ चालू आहे आणि नव्या टेल्मिसार्टन ४० च्या गोळीतही अम्लोडिपिन ५ आहे, म्हणजे रोज १० मिलिग्रॅम जातंय. दोन्ही घोट्यांवर सूज आहे. वजन मात्र ५८.२ वरून ५६.४ किलोवर आलंय, त्यामुळे ही सूज पाण्याची की अम्लोडिपिनची, हे तुम्हीच पाहा. बसून बीपी १२८/७०, उभं राहिल्यावर १०४/६२, आणि तेव्हा तिला गरगरतं.

साखरेचंही तसंच झालं. तुमची ग्लिमेपिराइड १ आणि मेटफॉर्मिन ५०० दोनदा, त्यावर दोन्ही एकत्र असलेली नवी गोळी दोनदा. ८ तारखेला पहाटे पाचला आई घामाघूम झाली, साखर ६४ भरली. साखरेचं पाणी दिलं. त्या दिवशी फोनवर तुम्ही सांगितल्याप्रमाणे जुन्या दोन्ही गोळ्या थांबवल्या. त्यानंतर उपाशीपोटी ११८, १२६, १२१. या वयात ग्लिमेपिराइड दोनदा हवीच का, तेही बघा. रात्री ती अर्धी भाकरीच खाते.

रोसुवास्टॅटिन १० आणि ॲटोर्व्हास्टॅटिन २० दोन्ही चालू आहेत. पॅन्टोप्राझोलही दोन ठिकाणी आहे, नव्या गोळीत डॉम्पेरिडोनसकट. मळमळ, उलटी काही नाही, आणि हृदयाच्या रुग्णाला डॉम्पेरिडोन जपून देतात. ॲस्पिरिन ७५ कशासाठी दिली, हे कार्डावर लिहिलेलं नाही. ती आम्ही आपल्या मनाने बंद करणार नाही, पण कारण लिहून द्या.

ॲसिक्लोफेनॅकची मला सर्वात जास्त काळजी वाटते. गुडघा दुखला की आई ती स्वतःच घेते, आठवड्यातून तीन-चारदा. डिस्चार्जच्या वेळी क्रिएटिनिन १.४, पोटॅशियम ४.८ होतं. टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळीसोबत ही घेतली तर किडनीवर ताण येतो, शिवाय अंगात पाणीही साठतं. मी सांगून ती ऐकत नाही. तुम्ही 'बंद' असं लिहून दिलंत तर ऐकेल. दुखण्यावर दुसरं काय द्यायचं, तेही सांगा.

फ्युरोसेमाइड ४० सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला आहे. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, त्यात झोपेची अल्प्राझोलाम ०.२५ घेतलेली, त्यामुळे भिंत धरून बाथरूमला जाते. पडली तर खुबा मोडेल. दुसरी मात्रा दुपारी दोनला हलवता येईल का? की वजन पाहता एकच पुरे? अल्प्राझोलाम दवाखान्यापासून रोज चालू आहे. थेट बंद करायची की हळूहळू उतरवायची, ते सांगा.

थायरॉक्सिन, लोह आणि कॅल्शियम सध्या एकत्र सकाळी सातला पोटात जातात. अशाने थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही, चार तासांचं अंतर हवं. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांपासून लांब ठेवावं लागेल. मल्टिव्हिटॅमिन गरजेचं नसेल तर काढूनच टाका.

मी साडेनऊला घराबाहेर पडते, साडेपाचला येते. सकाळी सहा, साडेआठ आणि रात्री आठ, या तीन वेळा माझ्या हातून चुकत नाहीत. दुपारची एखादी गोळी ठेवायचीच असेल तर शेजारच्या काकू देतील, पण एकापेक्षा जास्त नको. आईला बारीक अक्षर दिसत नाही, आणि फ्युरोसेमाइड व अल्प्राझोलाम दोन्ही पांढऱ्या, बारीक. औषधवाला स्ट्रिप कापून देतो तेव्हा नाव आणि एक्स्पायरी निम्मी तुटलेली असते.

म्हणून एकाच कागदावर, मराठीत, ब्रँडऐवजी घटकाचं नाव, कशासाठी, किती, कधी आणि कुठवर, असं लिहून द्या. बंद केलेल्या औषधांची नावंही त्याच कागदावर हवीत, नाहीतर जुन्या चिठ्ठीवर ती परत येतील. जुलाब-उलट्या झाल्या तर मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि फ्युरोसेमाइडचं काय करायचं, वजन किती वाढलं की फोन करायचा आणि क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम पुन्हा कधी तपासायचं, हेही त्यात असू द्या.

उभं राहिल्यावरचं बीपी आणि जुन्या अम्लोडिपिनचं मात्र गुरुवारपर्यंत थांबण्यासारखं वाटत नाही. उद्या सकाळी साडेआठला, गोळ्या देण्याआधी, फोन करते. गुरुवारी सगळी पाकिटं, डिस्चार्ज कार्ड आणि बीपी-साखर-वजनाची वही घेऊन येईन.

आपली,
वैशाली